पूल, पुलावर आणि पुलाव: फुटेजच्या वर्णनांतून टॅग काढण्याचे नऊ महिने

जानेवारी 2025मध्ये आमच्या नाशिकच्या चित्रीकरण युनिटमधलं सगळं फुटेज एकदा मोजलं. 2015चा सिंहस्थ, 2019चा पूर, रंगपंचमीच्या रहाडी, लासलगावचे कांदा लिलाव, येवल्याचे पैठणीचे माग, शिवाय मधली कितीतरी लग्नं. अकरा हार्डडिस्क, साधारण 6,400 क्लिप आणि 310 तास. त्यातल्या 180 तासांची दृश्यवर्णनं कुणी ना कुणी लिहून ठेवलेली होती, काही वहीत, काही एक्सेलमध्ये. उरलेल्या 130 तासांचं काहीच नव्हतं. 2026-27चा सिंहस्थ जवळ आल्यामुळे मागच्या कुंभाची दृश्यं मागणारे फोन सुरू झाले होते आणि एकेक दृश्य शोधायला अर्धा दिवस जात होता. म्हणून दृश्यवर्णनांतून टॅग काढून सगळं फुटेज शोधण्याजोगं करायला घेतलं. सप्टेंबरअखेर हे काम संपलं. इतकं फुटेज समोर ठेवून बसलेल्या माणसाला सुरुवात कुठून करावी ते कळत नाही, म्हणून जे ज्या क्रमाने झालं ते इथे लिहिलं आहे.

पहिले तीन आठवडे टॅगला हातही लावला नाही. ते गेले वर्णनं एका जागी आणण्यात. वह्यांतलं टाइप करावं लागलं. एक्सेलमधलं बरंचसं युनिकोडच्या आधीच्या फॉन्टमध्ये होतं, म्हणजे फॉन्ट काढला की पडद्यावर इंग्रजी अक्षरांची खिचडी. ते रूपांतरित करून घेतलं आणि ऱ्हस्व वेलांटी व रफार असलेले शब्द डोळ्यांखालून घातले, कारण त्या फॉन्टमध्ये ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या आधी टाइप केलेली असते आणि युनिकोडमध्ये ती अक्षरानंतर साठवली जाते. रूपांतर चुकतं ते नेमकं तिथे. ज्या 130 तासांचं वर्णनच नव्हतं, त्यासाठी पत्रकारितेच्या दोन विद्यार्थ्यांना तासाला 150 रुपयांवर घेतलं. एका तासाच्या फुटेजला त्यांना सरासरी अडीच तास लागले, म्हणजे 325 तास आणि 48,750 रुपये. या कामात सर्वांत मोठा खर्च हाच झाला. सॉफ्टवेअर सगळं फुकटातलं होतं.

वर्णन लिहिणाऱ्यांना एकच नियम दिला. ओळ क्लिपची लिहायची नाही, तुकड्याची लिहायची. जागा, माणूस, क्रिया किंवा शॉट यांपैकी काहीही बदललं की नवी ओळ, आणि प्रत्येक ओळीला सुरुवातीचा व शेवटचा टाइमकोड. चौदा मिनिटांच्या एका क्लिपमध्ये आखाड्याच्या निशाणाचा सहा सेकंदांचा सुंदर क्लोजअप आहे. सगळ्या क्लिपला मिळून एकच टॅग-यादी लावली असती, तर शोधणाऱ्याला ती क्लिप सापडली असती पण ते सहा सेकंद सापडले नसते. जुनी वर्णनं बहुतेक क्लिपची होती. ती आहेत तशी ठेवली आणि मागणी येईल तशी फोडत गेलो. सगळी एकदम फोडायला घेतली असती तर वर्ष गेलं असतं.

फेब्रुवारीत तारखांचा घोळ लक्षात आला. क्लिपची तारीख फाइलमधून आपोआप काढायची असं ठरलं होतं. त्यासाठी हा आदेश वापरला:

```
ffprobe -v error -show_entries format_tags=creation_time -of default=nw=1 C0042.MP4
```

उत्तर आलं `TAG:creation_time=2015-09-12T23:10:00.000000Z`. वहीत मात्र हीच क्लिप 13 सप्टेंबरच्या शाही स्नानाच्या पहाटेची म्हणून लिहिलेली. शेवटचा Z म्हणजे ही वेळ ग्रिनिचची. भारतीय वेळ त्याच्या साडेपाच तास पुढे, म्हणजे 13 सप्टेंबरची पहाट, 4 वाजून 40 मिनिटं. वहीच बरोबर होती. पहाटे साडेपाचच्या आधी घेतलेली प्रत्येक क्लिप अशी आदल्या दिवसात जाऊन बसते, आणि कुंभाचं महत्त्वाचं सगळं पहाटेच घडतं. एवढ्यावर सरसकट साडेपाच तास मिळवून मोकळं होता येत नाही. काही कॅमेरे त्याच जागी स्थानिक वेळ लिहितात आणि पुढे तसाच Z लावतात. म्हणून प्रत्येक कॅमेऱ्याची एक अशी क्लिप शोधली जिच्यात वेळ दुसऱ्या मार्गाने कळते: भिंतीवरचं घड्याळ, सूर्योदय, आरती. चार कॅमेऱ्यांपैकी एक स्थानिक वेळ लिहिणारा निघाला. त्याच्या क्लिपना काही मिळवलं नाही.

मार्च आणि एप्रिल हे दोन महिने टॅगची यादी करण्यात गेले, आणि ते सार्थकी लागले असं वाटतं. यादी डोक्यातून केली नाही. जमलेल्या वर्णनांतले सगळे शब्द मोजले, जास्त वेळा आलेले वर आणले आणि त्यातून निवडले. शेवटी 312 टॅग राहिले, पाच गटांत: ठिकाण, विषय, क्रिया, शॉट, वेळ-प्रकाश. टॅग नेहमी मूळ रूपात आणि एकवचनात लिहायचा, क्रिया असेल तर ‘वाढणे’, ‘लावणे’ अशी. यादीत नसलेला शब्द टॅग म्हणून टाइप करता येत नाही, फक्त ‘उरलेले शब्द’ नावाच्या वेगळ्या वहीत लिहिता येतो.

ठिकाणांना उतरंड दिली: नाशिक, त्यात पंचवटी, त्यात रामकुंड. रामकुंड लावलं की वरचे दोन आपोआप लागतात. त्यामुळे पंचवटी मागणाऱ्याला रामकुंडही मिळतं, पण रामकुंड मागणाऱ्याला काळाराम मंदिर मिळत नाही.

गुंता झाला तो नावांचा. नाशिकचा माणूस गोदावरीला गंगा म्हणतो. ‘गंगेवर दिवे सोडताना’ असं लिहिलेल्या ओळी पन्नासच्या वर होत्या, आणि त्याच डिस्कवर काशीची खरी गंगाही होती. म्हणून ‘गंगा’ हा शब्द यादीत आपोआप गोदावरीकडे वळवला नाही. त्या ओळींचं ठिकाण बघून माणसाने ठरवलं. शब्दाच्या सुरुवातीवरून शोधलं की ‘गंगापूर धरण’ही मध्येच यायचं. ‘घाट’ त्याहून अवघड. रामकुंडाचा घाट आणि कसाऱ्याचा घाट यांना मराठीत एकच शब्द. इथे सरळ दोन टॅग केले, ‘नदीघाट’ आणि ‘डोंगरघाट’, आणि नुसता ‘घाट’ यादीतून काढून टाकला. ‘माळ’ही तशीच: गळ्यातली, फुलांची आणि मोकळं माळरान. एका शब्दाचे दोन अर्थ असतील तर तो शब्द टॅग म्हणून ठेवूच नये, अर्थाला स्वतःचं नाव द्यावं, असं माझं ठाम मत झालं आहे.

पुराच्या दृश्यांसाठी मात्र गावाचीच मोजपट्टी घेतली. गोदाकाठच्या दुतोंड्या मारुतीला पाणी कुठपर्यंत लागलं यावरून नाशिककर पूर सांगतात. जुन्या वर्णनांत पाण्याचे आकडे नव्हते, पण ‘मारुतीच्या कमरेला पाणी’ हे जागोजाग होतं. म्हणून पूरपातळीचे टॅग गुडघा, कंबर, छाती, गळा असेच केले. 4 ऑगस्ट 2019च्या पुराच्या क्लिप त्यामुळे पाणी चढण्याच्या क्रमाने लावता आल्या, ज्या नुसत्या ‘पूर’ या टॅगने एका ढिगात राहिल्या असत्या.

मे महिन्यात वर्णनांतून हे 312 टॅग ओळखणारा छोटा प्रोग्राम लिहायला घेतला. इंग्रजी वर्णन असतं तर शब्द जुळवून काम बरंचसं भागलं असतं. मराठीत ‘पूल’ हा शब्द वर्णनात क्वचितच ‘पूल’ म्हणून येतो. येतो तो पुलावर, पुलाखालून, पुलाच्या, पुलांवरचा असा. शब्दाला प्रत्यय लागायच्या आधी त्याचं सामान्यरूप होतं, आणि त्यात आतला स्वरही बदलतो: पूल-पुला, ऊस-उसा, देऊळ-देवळा, पाऊस-पावसा, माणूस-माणसा.

पहिला प्रयत्न होता शेवटचे प्रत्यय कापून टाकण्याचा. तो आठवडाभरात सोडला. ‘त’ कापला की ‘वरात’चं ‘वरा’ आणि ‘पंगत’चं ‘पंग’ होतं, ‘ला’ कापला की ‘पाला’चं ‘पा’ उरतं. आणि कापूनसुद्धा ‘पुला’ उरतो, ‘पूल’ नाही. दुसरा प्रयत्न उलट बाजूने केला: शब्द ‘पुला’ने सुरू होत असेल तर पूल. तो चांगला चालला आणि एके दिवशी लग्नाच्या फुटेजमधली ‘पंगतीत पुलाव वाढताना’ ही ओळ पुलाच्या यादीत दिसली.

टिकला तो तिसरा मार्ग. प्रत्येक टॅगला दोन याद्या दिल्या, सरळ रूपं आणि सामान्यरूपं. सरळ रूप जसंच्या तसं जुळलं पाहिजे. सामान्यरूपानंतर ठरावीक शेपटांपैकीच एक आलं पाहिजे. ‘पुला’नंतर ‘वर’ चालतं, ‘खालून’ चालतं, नुसता ‘व’ चालत नाही. त्यामुळे पुलाव आपोआप बाहेर राहतो.

```python
import re, unicodedata

def saaf(s):
    s = unicodedata.normalize("NFC", s)
    s = s.replace("\u0930\u094d\u200d", "\u0931\u094d")
    return s.replace("\u200d", "").replace("\u200c", "")

def shabda(s):
    return re.findall(r"[\u0900-\u0963\u0966-\u097F]+", saaf(s))

SHEPUT = ["ला", "ने", "त", "चा", "ची", "चे", "चं", "च्या",
          "वर", "वरून", "वरचा", "वरची", "वरच्या",
          "खाली", "खालून", "जवळ", "समोर", "मागे", "कडे"]

def julte(sh, saral, samanya):
    if sh in saral:
        return True
    return any(sh == m + a + p for m in samanya
               for a in ("", "ं") for p in SHEPUT)
```

शेपटांची यादी इथे छोटी केली आहे, आमची 46 ची आहे. मधला अनुस्वार अनेकवचनासाठी, म्हणजे ‘पुलांवर’. नदीसारख्या शब्दाला एकवचन-अनेकवचनाची सामान्यरूपं वेगळी असतात, तिथे ‘नदी’ आणि ‘नद्या’ दोन्ही लिहायची. 312 पैकी क्रियांना ही पद्धत लावलीच नाही. लावतो, लावताना, लावून, लावलेला अशी क्रियापदाची रूपं इतकी होतात आणि ‘लावणे’ इतक्या गोष्टींना लागतं (गंध, दिवा, तोरण, रांग) की क्रिया हा गट माणसानेच यादीतून निवडायचा ठेवला. उरलेल्या 240 नामांच्या याद्या दोघांनी मिळून चार दिवसांत लिहिल्या.

यातलं `saaf` हे पहिलं काम कुणी गाळू नये. ‘पायऱ्या’ हा शब्द पडद्यावर सारखाच दिसतो, पण आत दोन प्रकारे साठवलेला असू शकतो: कुणी ऱ वापरून टाइप केलेला, कुणी साधा र, हलन्त आणि त्यापुढे न दिसणारा जोडक वापरून. संगणकाला ते दोन वेगळे शब्द आहेत. आमच्या एका विद्यार्थ्याचा कीबोर्ड पहिल्या प्रकारचा होता, दुसऱ्याचा दुसऱ्या. त्यामुळे पायऱ्या, दऱ्या, किनाऱ्यावर, शेतकऱ्यांचा हे सगळे शब्द अर्धेच सापडत होते. ओळखायची खूण अशी: एकाच शब्दाचा शोध एका माणसाच्या नोंदींत लागतो आणि दुसऱ्याच्या नोंदींत एकदाही लागत नाही.

`shabda` मध्ये अक्षरांची कक्षा आकड्यांनी दिली आहे तीही मुद्दाम. पायथनमध्ये शब्द ओळखायला नेहमी `\w+` वापरतात, पण ते काना-मात्रा-वेलांटीला शब्दाचा भाग मानत नाही आणि मराठी शब्दाचे तुकडे करतं. हाच दोष पुढे ऑगस्टमध्ये दुसरीकडे भेटला आणि तिथे त्याने जास्त त्रास दिला.

जून-जुलै हे तपासणीचे महिने. प्रोग्राम फक्त सुचवतो, लावतो माणूस. पहिल्या 200 ओळींत त्याने 1,130 टॅग सुचवले आणि 214 खोडावे लागले. का खोडावे लागले ते एका ओळीवरून सांगतो. ही 13 सप्टेंबर 2015च्या पहाटेची:

‘पहाटे रामकुंडाच्या पायऱ्यांवर साधू कपाळाला गंध लावताना, मागे दुतोंड्या मारुती अस्पष्ट, अजून गर्दी नाही.’

प्रोग्रामने सुचवलं: पहाट, रामकुंड, पायरी, साधू, दुतोंड्या मारुती, गर्दी. पहिले चार बरोबर. रामकुंडामुळे पंचवटी आणि नाशिक लागले. ‘गर्दी’ तर उलटंच. रिकाम्या घाटाचं हे दृश्य गर्दी मागणाऱ्याला दाखवलं गेलं असतं, आणि ज्याला निवांत घाट हवा त्याला कधीच दिसलं नसतं. मराठीत नकार वाक्याच्या शेवटी येतो, म्हणून प्रोग्रामला सांगितलं की शब्दापासून पुढच्या स्वल्पविरामापर्यंत किंवा वाक्य संपेपर्यंत नाही, नव्हता, थांबल्यावर, ओसरल्यावर, शिवाय यांपैकी काही आलं तर तो टॅग पिवळा करून दाखव. आपोआप खोडायला लावलं नाही, कारण ‘गर्दी हलत नाही’ यात गर्दी आहेच. सोबत ‘रिकामा’ हा टॅग यादीत वाढवला. तो आधी सुचलाच नव्हता, आणि आता सर्वांत जास्त मागितल्या जाणाऱ्या टॅगांपैकी तो एक आहे.

दुतोंड्या मारुती मागे धूसर आहे. तो मागणाऱ्याला हे दृश्य उपयोगाचं नाही. नियम केला की मागचं काही ओळखू येत असेल तरच टॅग, आणि ‘मागे’, ‘दूरवर’, ‘अस्पष्ट’ या शब्दांशेजारचे टॅगही पिवळे. ‘गंध लावणे’ ही क्रिया माणसाने निवडली. आणि शॉट? वर्णनात शॉटचा उल्लेखच नाही. क्लोजअप आहे की लांबचा, हे पुन्हा फुटेज बघितल्याशिवाय कळणार नव्हतं. संकलकाला पहिला प्रश्न तोच असतो. जुन्या वर्णनांपैकी जवळजवळ निम्म्यांत शॉट लिहिलेला नव्हता आणि तो भरण्यात जुलैचा बराच भाग गेला. प्रत्येक तुकड्याचं मधलं एक चित्र काढून ते ओळीशेजारी दाखवल्यावर हे काम भराभर झालं, कारण शॉटचा आकार एका चित्रावरून कळतो. कॅमेरा हलतो आहे की स्थिर, ते मात्र चित्रावरून कळत नाही, तिथे क्लिप चालवावीच लागते.

तपासणीत विषयाची माहिती असलेला माणूस हवा, हेही याच काळात पटलं. सिंहस्थात वैष्णव आखाडे नाशिकला रामकुंडात स्नान करतात आणि शैव आखाडे त्र्यंबकेश्वरी कुशावर्तात. म्हणजे ‘शाही स्नान’, ‘शैव आखाडा’ आणि ‘रामकुंड’ हे तीन टॅग एकाच ओळीवर असतील तर त्यातला एक बहुधा चुकलेला. असे न जमणारे जोड शोधून काढणारी एक यादी केली. तिच्यातून 70 ओळी निघाल्या, आणि बहुतेकांत ठिकाण चुकलेलं होतं, कारण 13 सप्टेंबरला दोन्हीकडे स्नान होतं आणि दोन्हीकडची कार्डं एकाच डिस्कवर उतरवलेली होती. त्या ओळींची तपासणी आमच्या ओळखीच्या पंचवटीतल्या एका काकांनी केली. ते निशाणावरून आखाडा सांगतात. त्यांनी मानधन घेतलं नाही.

याच दोन महिन्यांत कागदपत्रांचं कामही चाललं होतं. वापराची परवानगी हा टॅग नाही, ती वेगळा रकाना म्हणून ठेवली: स्वतःचं, ग्राहकाचं, लेखी परवानगी आहे, वापरायचं नाही. लग्नांच्या फुटेजमधली माणसं ‘वरात’ टॅगखाली कुणाच्या माहितीपटात दिसता कामा नयेत. ज्या संस्थांसाठी पूर्वी चित्रीकरण केलं होतं अशा नऊ ठिकाणी पुनर्वापराच्या परवानगीची पत्रं पाठवली, सोबत मूळ कामाच्या पावतीची प्रत आणि कोणते तुकडे हवेत त्याची टाइमकोडसह यादी. यादी जोडलेल्या पत्रांना दोन ते पाच आठवड्यांत उत्तर आलं. पहिली तीन पत्रं यादीशिवाय गेली होती, त्यांना ‘नेमकं काय हवं ते कळवा’ असं परत आलं आणि फेरी पुन्हा सुरू झाली. परवानगीच्या पत्राचा जावक क्रमांक रकान्यातच लिहून ठेवला आहे.

ऑगस्टमध्ये शोधपट्टी जोडली. टॅग आणि मूळ वर्णन दोन्ही एसक्यूलाइटमध्ये ठेवले आणि त्यातली शब्दशोधाची सोय वापरली. आधी टॅगमध्ये शोधायचं, तिथे नसेल तर वर्णनात. पहिल्याच दिवशी ‘पाणी’ शोधल्यावर पुण्याच्या रस्त्यांच्या क्लिप आल्या. ‘मेळा’ शोधल्यावर रुद्राक्षांच्या माळा आणि ‘माळी’ आले. दोन दिवस आम्ही आमच्याच टॅगमध्ये चूक शोधत राहिलो आणि सात महिन्यांचं काम वाया गेलं की काय या विचाराने धास्तावलो.

चूक टॅगमध्ये नव्हती. त्या सोयीतला `unicode61` हा शब्द तोडणारा भाग मुळात अक्षरं आणि आकडे यांनाच शब्दाचा भाग मानतो. युनिकोडच्या वर्गवारीत आपला काना, मात्रा, वेलांटी, अनुस्वार, हलन्त ही अक्षरं नाहीत, चिन्हं आहेत, म्हणून तो त्या जागी शब्द तोडतो. ‘पाणी’चे उरतात प आणि ण. ‘पुणे’चेही प आणि ण. दोन्ही त्याला एकच. उपाय एका ओळीचा आहे, चिन्हांचे दोन वर्ग त्याला शब्दात धरायला सांगायचे:

```sql
CREATE VIRTUAL TABLE nond USING fts5(
  varnan, tag,
  tokenize = "unicode61 remove_diacritics 0 categories 'L* N* Co Mn Mc'"
);
```

तक्ता आधीच बनवला असेल तर ही ओळ नंतर बदलता येत नाही, नवा तक्ता करून सगळ्या नोंदी पुन्हा भराव्या लागतात. आमच्या तेवीस हजार ओळींना मिनिटही लागलं नाही. न दिसणारा जोडक या वर्गांत येत नाही, त्यामुळे तो राहिला तर शब्द पुन्हा तुटतो. म्हणून भरताना आणि शोधतानाही मजकूर `saaf` मधूनच जाऊ द्यायचा. कुठलीही तयार शोधयंत्रणा मराठीसाठी घ्यायच्या आधी तिच्यात ‘पाणी’ आणि ‘पुणे’ या दोनच ओळी भरून बघाव्यात. एक शोधल्यावर दुसरी आली, तर तीच गत आहे.

संकलकांसाठी सगळ्या नोंदींची एक सीएसव्ही फाइलही दर आठवड्याला निघते आणि प्रत्येक डिस्कवर तिची प्रत असते, म्हणजे उद्या हा प्रोग्राम नसला तरी टॅग राहतील. ती फाइल लिहिताना पायथनला `utf-8-sig` सांगायचं. नुसतं `utf-8` दिलं तर एक्सेलमध्ये दुहेरी क्लिक करून उघडल्यावर मराठीचा चिखल दिसतो आणि माणसं फाइल खराब आहे म्हणून फोन करतात.

सप्टेंबरमध्ये खरी परीक्षा घेतली. मागच्या दोन वर्षांत संकलकांनी व्हॉट्सअपवर केलेल्या मागण्यांतून 30 मागण्या जशाच्या तशा उचलल्या आणि ज्याने टॅग लावले नव्हते अशा माणसाला शोधायला बसवलं. पाच मिनिटांत योग्य दृश्य सापडलं तर पास. पहिल्या फेरीत 17 सापडल्या. न सापडलेल्यांतल्या नऊ मागण्या यादीतल्या उणिवांमुळे अडल्या होत्या. ‘कांद्याचा ट्रॅक्टर मागून’ यातला ‘मागून’ हा कॅमेऱ्याचा कोन आमच्याकडे टॅगच नव्हता. ‘बोहरपट्टी’ लिहिलं होतं आणि आमच्याकडे फक्त ‘सराफ बाजार’ होता. ते भरल्यावर दुसऱ्या फेरीत 26 झाल्या.

उरलेल्या चारपैकी दोन दृश्यं आमच्याकडे नव्हतीच. एकात वर्णन इतकं त्रोटक होतं, ‘घाट, सकाळ’, की त्यातून काही निघण्यासारखं नव्हतं. चौथी मागणी होती नारोशंकराच्या घंटेच्या आवाजाची. घंटा वाजतानाचं फुटेज आमच्याकडे नक्की आहे, पण 310 तासांची वर्णनं लिहिताना सगळ्यांनी डोळ्यांना दिसलं तेवढंच लिहिलं होतं, कानांवर पडलं ते कुणीच लिहिलं नव्हतं. ऑक्टोबरपासून वर्णनाच्या तक्त्यात ‘आवाज’ हा रकाना वाढवला आहे: घंटा, शंख, हलगी, घोषणा, लिलावाची बोली, पाण्याचा आवाज, शांतता. नवीन चित्रीकरणात तो त्याच दिवशी भरला जातो. जुन्यासाठी सिंहस्थाच्या तीन डिस्क पुन्हा ऐकायला घेतल्या आहेत, रोज एक तास, डोळे बंद करून.